हरकत नेमकी कशाला? संध्याकाळच्या पदवीसाठी मागितलेल्या तीन पत्रांची हकिगत



गेल्या काही महिन्यांत कल्याण, उल्हासनगर, मुंब्रा भागातले चार-पाच तरुण आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन आले. "नोकरी करतो, रात्रीच्या कॉलेजात नाव घालायचंय, कॉलेजवाले मालकाचं नाहरकत पत्र मागतात, साहेब देत नाही. काय करू?" प्रत्येकाला तेच तेच सांगून झाल्यावर वाटले, एकदा लिहूनच काढावे. कारण याच दारातून आम्हीही गेलो आहोत, आणि जाताना डोकी आपटून घेतली आहेत.

आम्ही म्हणजे तिघे. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या एकाच चाळीतले. दादा ठाण्यातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात एमटीएस, म्हणजे पूर्वीचा शिपाई. धाकटा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर. आणि ताई एका सरकारी दवाखान्यात सफाईला, पण ठेकेदारामार्फत. तिघेही बारावी पास आणि पुढे थांबलेले. २०२३ च्या जूनमध्ये तिघांनी मिळून डोंबिवलीतल्या एका रात्र महाविद्यालयात बी.कॉम.चा फॉर्म घेतला. वर्ग संध्याकाळी पावणेसात ते पावणेदहा. फॉर्मच्या मागे कागदपत्रांची यादी होती आणि तिच्यात शेवटची ओळ होती: नोकरी करत असल्यास नियोक्त्याचे नाहरकत पत्र. मुदत ३० जून.

आम्हाला वाटले, बाकी सगळे कागद जमले की ही शेवटची ओळ सहज सुटेल. जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळे दोन दिवसांत झाले. शेवटच्या ओळीने दीड महिना खाल्ला.

आधी आमची पहिली चूक सांगतो. तिघांनीही तोंडी विचारले. दादा साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "सर, एनओसी पाहिजे होती." साहेबांनी मान वर न करता विचारले, "कुठे चाललास? दुसरीकडे लागलं काय?" हे नीट लक्षात ठेवा. सरकारी कार्यालयात एनओसी हा शब्द दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करताना लागणाऱ्या पत्राला वापरतात. पासपोर्टसाठीही वापरतात. शिक्षणासाठी कुणी मागितली तर समोरच्याच्या डोक्यात पहिल्यांदा येते ते हेच, की हा निघाला. कारखान्यातही तेच झाले. सुपरवायझरने धाकट्याला विचारले, "सोडणार आहेस का? आधी सांग, माणूस बघायला लागेल." एका शब्दापायी दोघांच्या नोकरीवर संशय आला.

दादाने खुलासा केला की नोकरी सोडायची नाही, शिकायचे आहे. मग साहेब हसले. "शिपायाला बी.कॉम. कशाला? आरक्षणावर लागलास ना, बस झालं की. आता अजून काय पाहिजे?" शेजारच्या टेबलावरचे दोघे त्यांच्याबरोबर हसले. दादा बाहेर आला आणि त्या दिवशी आमच्याशी एक शब्द बोलला नाही. हे लिहिण्याचे कारण अपमान मोजणे नाही. आपल्या मुलांना असले वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते, आणि त्यातली बरीच मुले तिथेच फॉर्म फाडून टाकतात, म्हणून लिहिले. वाक्य तोंडी होते, कारण आमची मागणी तोंडी होती. तीच मागणी कागदावर गेली, तेव्हा साहेबांना ते वाक्य कागदावर लिहिता येणार नव्हते. कागदावर लिहायला नियम लागतो.

मग नियम काय आहे? हा शोध आमच्या चाळीतल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचारी काकांनी लावून दिला. केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाचे २६ फेब्रुवारी १९५५ चे एक कार्यालयीन ज्ञापन आहे, क्रमांक १३०/५४. वर्तणूक नियमांच्या पुस्तकात ते आजही छापलेले सापडते. त्याचा आशय सोप्या शब्दांत असा: सरकारी नोकराने मोकळ्या वेळात ज्ञान मिळवण्याला सरकारची सर्वसाधारणपणे हरकत नाही, फक्त त्यामुळे त्याच्या कामात उणेपणा येता कामा नये. विद्यापीठाच्या पदवीसाठी कॉलेजात नाव घालायचे तर ठरावीक तासांना हजर राहण्याचे बंधन येते आणि परीक्षेच्या दिवसांत कामावर गैरहजर राहावे लागते, म्हणून कार्यालयाला गरज वाटल्यास आधी परवानगी घ्यायला सांगता येईल. ती परवानगी सर्वसाधारणपणे द्यावी. मात्र अभ्यासापायी काम टाळल्याचे दिसले तर कारण न देता ती काढून घेता येईल, अशी अट घालता येते.

हे वाचून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली, हरकत असलीच तर ती वेळेला आणि कामाला असू शकते. शिक्षणाला नाही, माणसाला नाही, आणि शिपायाने बी.कॉम. करण्याला तर मुळीच नाही. मग अर्जात वेळेचेच उत्तर आधी देऊन टाकावे, म्हणजे नकार द्यायला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट त्या ज्ञापनात स्पष्ट होती, परीक्षेच्या दिवसांची. ती आम्ही वाचली आणि पुढे गेलो. ते आम्हाला महागात पडले, पण ते नंतर सांगतो.

दादाने १२ जूनला लेखी अर्ज दिला. साहेबांच्या नावे, पण वरिष्ठ लिपिकामार्फत, म्हणजे योग्य मार्गाने. त्यातला मजकूर जवळजवळ असा होता:

"विषय: कार्यालयीन वेळेबाहेर पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्याबाबत. महोदय, मी आपल्या कार्यालयात अमुक तारखेपासून अमुक पदावर कार्यरत आहे. मी तीन वर्षांच्या बी.कॉम. अभ्यासक्रमास रात्र महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छितो. वर्गांची वेळ सायंकाळी ६.४५ ते ९.४५ आहे. कार्यालयाची वेळ ५.४५ ला संपते. ठाणे ते डोंबिवली प्रवास सुमारे अर्धा तास आहे. त्यामुळे कार्यालयीन वेळेत कोणतीही सवलत मागत नाही. महाविद्यालयाचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. गृह मंत्रालयाचे दि. २६.२.१९५५ चे ज्ञापन पाहता परवानगी मिळावी व नाहरकत पत्र द्यावे ही विनंती. प्रवेशाची अंतिम तारीख ३० जून आहे. अर्ज नामंजूर झाल्यास कारणासह लेखी कळवावे."

विषयात एनओसी हा शब्द नाही, हे पाहा. दोन प्रती काढल्या. एक दिली आणि दुसरीवर आवक शाखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. आवक शाखेतला माणूस म्हणाला, "एवढ्याशा कामाला शिक्का कशाला, सरळ साहेबांना दे." दादा तिथेच उभा राहिला. शिक्का पडेपर्यंत हलला नाही. आमच्या मते त्या दीड महिन्यातले सगळ्यात मोलाचे काम हेच, कारण त्या क्षणापासून अर्ज हरवणे ही दादाची नव्हे, कार्यालयाची जबाबदारी झाली.

तरी ३० जूनपर्यंत पत्र आले नाही. तेव्हा आम्हाला एक रस्ता कॉलेजच्या कारकूनबाईंनीच दाखवला. आवक क्रमांक असलेली प्रत आणि "तीस दिवसांत नाहरकत पत्र सादर करीन" असे हमीपत्र घेऊन त्यांनी तात्पुरता प्रवेश दिला. प्रत्येक कॉलेज असे करीलच असे नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला हातात शिक्क्याची प्रत लागते. तोंडी अर्ज केलेल्या माणसाकडे कॉलेजला दाखवायला काहीच नसते.

दादाचे पत्र २१ जुलैला आले. त्यात ती अट होतीच, की परवानगी कोणत्याही वेळी कारण न देता काढून घेतली जाईल. दादा घाबरला. आम्ही म्हटले, सही कर. ही अट मूळ ज्ञापनातच आहे, साहेबांनी तुझ्यासाठी मुद्दाम शोधलेली नाही. पण पत्रात हाताने एक ओळ वाढवलेली होती: परीक्षेसाठी रजा मागता येणार नाही. ही ओळ कुठल्याच नियमात नाही. रजा हक्क म्हणून मिळत नाही हे खरे, कामाच्या गरजेनुसार ती नाकारता येते. पण तीन वर्षांसाठी आगाऊ नाकारून ठेवणे वेगळे. दादाच्या खात्यावर वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा आणि ८ किरकोळ रजा जमा होतात. दोन सत्रांच्या परीक्षांना मिळून बारा-चौदा दिवस लागणार. दादाने तेवढेच एका ओळीत लिहून दिले, की परीक्षेसाठी स्वतःच्या खात्यावरची रजा नियमाप्रमाणे मागीन आणि ती त्या त्या वेळी विचारात घ्यावी. त्यावर कुणी उत्तर दिले नाही. पण ते पत्रही आवक झाले आणि फाइलला लागले. पुढे तीनही वर्षे रजा मिळाली. एकदा एक दिवस कापला, तेवढेच.

राज्य सरकारी कार्यालयात असलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. म्हणजे जूनच्या मुदतीसाठी अर्ज एप्रिलमध्ये द्या. आम्ही जूनमध्ये दिला, तो आमचा दुसरा गाढवपणा.

आता धाकट्याची गोष्ट. इथे १९५५ चे ज्ञापन चालत नाही. खाजगी मालकाने नाहरकत पत्र द्यायलाच पाहिजे असे सांगणारा कायदा आम्हाला सापडला नाही. पण उलट बाजूही पाहा. कामाच्या तासांबाहेर तुम्ही काय शिकावे यावर मालकाचा हक्क कुठून आला? तो आला असेल तर तुमच्या नेमणूकपत्रातून किंवा कारखान्याच्या स्थायी आदेशांतून. म्हणून आधी नेमणूकपत्र काढून वाचा. धाकट्याच्या पत्रात होते, की कामगार दुसरी नोकरी किंवा धंदा करणार नाही. शिक्षण ही दुसरी नोकरी नाही आणि धंदाही नाही. म्हणजे पत्र मालकाला हवे होते म्हणून नाही, कॉलेजला हवे होते म्हणून मागायचे होते. हे कळल्यावर धाकट्याचा आवाजच बदलला. तो परवानगी मागायला गेला नाही, माहिती द्यायला आणि एक कागद घ्यायला गेला.

पण खरी अडचण पाळीची होती, आणि ती मालकाची बनवाबनवी नव्हती. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. दर आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या पाळीत वर्गाला जाता येते. तिसऱ्या पाळीतही येते, पावणेदहाला वर्ग सुटला की सव्वा तासात गेटवर. मेल्यासारखे होते, पण जमते. दुसऱ्या पाळीचा आठवडा मात्र पूर्ण बुडतो. आम्ही वहीत हिशेब मांडला. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर पाच आठवडे बुडाले, हजेरी ६७ टक्के. विद्यापीठाला ७५ लागते. म्हणजे नाहरकत पत्र मिळूनही पोरगा परीक्षेला बसू शकला नसता. कितीतरी मुले इथे फसतात. पत्र हातात आले की जिंकलो समजतात, आणि सत्राच्या शेवटी हजेरीच्या यादीत नाव लागते.

यावर धाकट्याने "मला दुसरी पाळी नको" असे मागितले असते तर एचआरने दारातूनच परत पाठवला असता. बाकीचे कामगारही चिडले असते. म्हणून मागणी लहान केली. दोन आठवडे दुसऱ्या कामगाराशी बदलून घेतले तर हजेरी ८० टक्के होते. पण मध्ये एक आठवडा ताप आला की ७३ वर येते. म्हणून सत्रात तीन आठवडे मागितले, त्या त्या कामगाराच्या लेखी संमतीने. दोन सोबत्यांच्या सह्या अर्जालाच जोडल्या. मालकाचा एक तासही कमी होत नव्हता, हे कागदावर दिसत होते.

एचआरने आठ दिवसांनी बोलावले आणि एक बाँड पुढे केला. पदवी झाल्यावर तीन वर्षे कंपनी सोडायची नाही, सोडल्यास एक लाख रुपये भरायचे, आणि पदवीच्या जोरावर पगारवाढ वा वरचे पद मागायचे नाही. धाकटा सही करणारच होता. प्रवेश हातचा जातो म्हटल्यावर माणूस कशावरही सही करतो.

त्या संध्याकाळी आमचे भांडण झाले. ताई म्हणाली, बाबासाहेबांनीही बडोद्याशी करार केला होता ना? खरेच आहे. १९१३ मध्ये अमेरिकेला जाताना त्यांनी परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. पण ताईच्याच प्रश्नात उत्तर होते. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली होती. पैसे संस्थानचे होते, म्हणून सेवेची मागणी होती. आणि तो करार असूनही १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले, बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. इथे कंपनी किती देणार होती? फी धाकट्याची, पुस्तके त्याची, झोप त्याची. मग तीन वर्षे कशाच्या बदल्यात? दुसऱ्या दिवशी त्याने एचआरला एवढेच विचारले, "सर, कंपनी फी भरणार आहे का? भरणार असाल तर बाँडचा विचार करतो." एचआरने बाँड टेबलाच्या खणात ठेवला. पगारवाढीची अटही त्याबरोबर गेली. चार ओळींचे पत्र मिळाले, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. पाळी बदलण्याचा उल्लेख पत्रात करायला ते तयार झाले नाहीत, पण अर्जावर "सुपरवायझरच्या संमतीने" असा शेरा मारून दिला. तो शेरा पुढे तीन सुपरवायझरांना दाखवावा लागला.

हे सगळे दादा-धाकट्याचे. कारण त्यांच्याकडे निदान विचारायला एक साहेब होता. ताईला साहेबच नव्हता.

दवाखान्याच्या कार्यालयात ती गेली तेव्हा उत्तर मिळाले, "तू आमची कर्मचारी नाहीस, ठेकेदाराकडून आण." ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आमचं काम अकरा महिन्यांचं. तीन वर्षांचं पत्र मी कसं देऊ? आणि माझी हरकत असली काय, नसली काय." तो माणूस वाईट नव्हता. त्याचे म्हणणे कागदोपत्री बरोबरच होते. पहाटे पाचला उठून सातला हजर होणारी बाई नेमकी कोणाची कर्मचारी, हा प्रश्न तिच्या पगाराच्या वेळी कुणाला पडत नाही, पत्र मागितल्यावरच पडतो.

आम्ही कॉलेजात जाऊन विचारले की तुम्हाला हे पत्र हवे कशाला. त्यांचे उत्तर साधे होते. विद्यार्थी खरेच नोकरी करतो का आणि त्याला संध्याकाळी मोकळीक आहे का, एवढे कळावे. मग ताईने नोकरीचा पुरावा म्हणून भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढले. यूएएन क्रमांकाने ते मोबाइलवर निघते, त्यात आस्थापनेचे नाव आणि दर महिन्याचा भरणा दिसतो. ईएसआयसीचे कार्ड जोडले. आणि ठेकेदाराकडून फक्त एवढे लिहून घेतले, की सदर कामगार सकाळी ७ ते दुपारी ३ या पाळीत काम करते आणि ठेक्याच्या मुदतीत संध्याकाळच्या वर्गांना जाण्यास आमची हरकत नाही. मुदतीपुरतेच पत्र मागितले, म्हणून त्याने लगेच दिले. मजकूर आम्हीच टाइप करून नेला होता. ज्याच्याकडे लेटरहेड आहे पण कारकून नाही, त्याला मजकूर तयार नेऊन द्यावा.

आम्ही तिघे वर्गात बसलो. त्या पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटले, गड जिंकला.

नोव्हेंबरमध्ये परीक्षेचे वेळापत्रक लागले. पेपर सकाळी ११ ते दीड. वर्ग रात्रीचे, परीक्षा दिवसाची! रात्र महाविद्यालयाची पदवी ही विद्यापीठाचीच पदवी असते, पेपर तेच आणि परीक्षाही इतरांबरोबरच. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि १९५५ च्या कागदात स्पष्ट लिहिलेले असून आम्ही त्याकडे पाहिले नव्हते. दादाने रजा टाकली. धाकट्याने त्या आठवड्यासाठी तिसरी पाळी बदलून घेतली आणि झोप न घेता पेपर दिले. ताईची पाळी सात ते तीन. तिच्या पत्रात फक्त "संध्याकाळचे वर्ग" असे शब्द होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पत्रात परीक्षा कुठे आहे? सहा पेपर होते. पहिल्या दोन दिवसांचा पगार कापला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, उद्या नाही आलीस तर बदली बाई कायमची लावतो. ताईने आणखी दोन पेपर कसेबसे दिले आणि शेवटचे दोन सोडले. दोन विषयांत एटीकेटी लागली. नापास झाली म्हणून नव्हे, बसलीच नाही म्हणून.

मजकूर टाइप आम्हीच केला होता. दोन शब्द आमच्याकडून राहिले, त्याची किंमत तिने भरली. म्हणून आज जो कोणी विचारायला येतो त्याला आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो: पत्रात परीक्षा आहे का? दुसऱ्या वर्षी ताईच्या पत्रात आम्ही लिहिले, की "विद्यापीठाच्या लेखी व तोंडी परीक्षांच्या दिवशी, वेळापत्रक किमान आठ दिवस आधी दिल्यास, विनावेतन सुट्टी व बदली कामगार देण्यास हरकत नाही." बदली म्हणून तिच्याच गल्लीतली एक बाई ठरवून तिची सहीही घेतली. विनावेतन हा शब्द लिहिताना आमचा हात अडखळला. ताई म्हणाली, लिहा, पगार तर तसाही कापणारच आहे, निदान काम तरी जाणार नाही.

एलएल.बी. करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्याकडे निम्म्या तरुणांना वकील व्हायचे आहे, आणि ते चांगलेच आहे. पण कायद्याची पदवी संध्याकाळची समजून चालू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात, आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने परिपत्रक काढले, त्यात विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात नोकरी केली असल्यास ते जाहीर करणे आणि त्यासाठी नाहरकत असणे हा विषय आला. म्हणजे तिथे नाहरकत पत्र तीन वर्षांनी सनद घेतानाही आडवे येऊ शकते. साहेबाने "संध्याकाळच्या वर्गांना" म्हणून दिलेले पत्र सकाळच्या लॉ कॉलेजला चालत नाही. कामाची वेळ आणि वर्गाची वेळ एकमेकांवर येत असेल तर ते आधीच कागदावर मांडा, दडवू नका.

कधी कधी वाटते, मालकाच्या चिठ्ठीशिवाय शिकता यायला हवे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिथे येणाऱ्याला कोणी मालकाचा कागद मागितला असेल असे वाटत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये निघाले तेव्हा ते सकाळी भरत असे, नोकरी करणाऱ्या पोरांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून. तिथे कॉलेजने आपले घड्याळ विद्यार्थ्याच्या नोकरीप्रमाणे लावले होते. आज विद्यार्थ्याने स्वतःचे, साहेबाचे आणि विद्यापीठाचे अशी तीन घड्याळे जुळवायची, आणि जुळल्याचा दाखलाही स्वतःच आणायचा. रात्र महाविद्यालयाची परीक्षा निदान दुपारनंतर घ्या, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तिच्यासाठी निवेदन द्यायला आम्ही तयार आहोत.

आमचे पुढे काय झाले? दादा यंदा शेवटच्या सत्राला बसला. निकाल लागला की पदवीची नोंद सेवापुस्तकात करायला तो अर्ज देईल, आणि सोबत २१ जुलै २०२३ च्या परवानगीची प्रत जोडेल, कारण पहिला प्रश्न तोच येणार आहे. धाकट्याने एक सत्र हजेरीपायी गमावले आणि पुढच्या वर्षी भरून काढले. ताईचे एटीकेटीचे दोन्ही विषय सुटले. मधल्या काळात दवाखान्याचा ठेका दोनदा बदलला. प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे ती आधीच्याचे पत्र घेऊन जाते, म्हणते यांनी दिलं होतं, तुम्हीही द्या. आतापर्यंत दोघांनी दिले. तिच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन ठेकेदारांची तीन पत्रे आहेत, तिन्हींवर मजकूर एकच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात "परीक्षा" या शब्दाखाली तिने लाल पेनाने रेघ मारली आहे. पुढचा ठेका ऑक्टोबरमध्ये बदलतो. चौथे पत्र टाइप करून ठेवले आहे.

(तुमच्या कार्यालयाने लेखी नकार दिला असेल तर नाव झाकून त्याची प्रत आम्हाला दाखवा. तोंडी नकार असेल तर आधी लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या, मग या. रविवारी सकाळी आम्ही विहारात असतो.)